बाजूएवढीच त्रिज्या! षट्कोनाच्या पोटातले सहा त्रिकोण

कंपास उघडा आणि मग त्याला हात लावू नका

कंपासमध्ये पेन्सिल अडकवा, माप ४ सेंमी घ्या आणि कागदावर वर्तुळ काढा. आता माप तसंच ठेवून कंपासचं टोक वर्तुळाच्या रेषेवर कुठेही टेकवा आणि रेषेला छेदणारी छोटी खूण करा. टोक त्या खुणेवर न्या, पुढची खूण करा. असंच पुढे जात राहिलात की सहावी खूण नेमकी तिथेच पडते, जिथून तुम्ही निघाला होतात. पाच उड्यांत वर्तुळ पुरं होत नाही आणि सातवीला जागाच उरत नाही.

वर्तुळ ४ सेंमी त्रिज्येचं असो की ४ किलोमीटरचं, उड्या सहाच. कारण सोपं आहे. वर्तुळाचा केंद्रबिंदू आणि शेजारशेजारच्या दोन खुणा, असे तीन बिंदू जोडा. केंद्रापासून दोन्ही खुणा एका त्रिज्येवर आहेत. दोन खुणांमधलं अंतरही एक त्रिज्याच आहे, कारण कंपासचं माप आपण बदललेलंच नाही. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे त्रिकोण समभुज, म्हणजे केंद्रापाशी ६० अंशांचा कोन. पूर्ण फेरी ३६० अंशांची, तेव्हा असे त्रिकोण सहा बसतात आणि फट राहत नाही. खुणा ओळीने जोडल्या की सुसम षट्कोन तयार.

या षट्कोनाच्या सहाही कोपऱ्यांतून जाणारं ते वर्तुळ म्हणजे त्याचं परिवर्तुळ आणि त्याची त्रिज्या ती परित्रिज्या. षट्कोनाची परित्रिज्या त्याच्या बाजूएवढीच असते. सुसम बहुभुजांच्या सगळ्या कुळात हे भाग्य फक्त षट्कोनाचं. चौरसाची परित्रिज्या बाजूच्या ०.७०७ पट, पंचकोनाची ०.८५१ पट, सप्तकोनाची १.१५२ पट. बरोबर १ पट येते ती एकाच ठिकाणी.

सहावी खूण पहिल्या जागेवर आली नाही तर? कंपासचा स्क्रू ढिला आहे किंवा टोक घसरलं आहे, असं खुशाल समजा. ही रचना चूक लपवत नाही, मोठी करून दाखवते. ४ सेंमीच्या वर्तुळावर कंपास फक्त अर्धा मिलिमीटर जास्त उघडला गेला, तर सहाव्या उडीला तुम्ही आरंभबिंदूच्या साधारण साडेतीन मिलिमीटर पुढे जाता. चूक जवळजवळ सातपट होऊन डोळ्यांसमोर येते. कंपास तपासायची याहून सोपी चाचणी मला माहीत नाही.

२.६ लक्षात ठेवा, झालं!

आता क्षेत्रफळ. षट्कोनाचं सूत्र पाठ करायची गरजच नाही, एका त्रिकोणाचं काढा आणि सहाने गुणा.

आपल्या षट्कोनाची बाजू ४ सेंमी. एक समभुज त्रिकोण घ्या आणि वरच्या कोपऱ्यातून पायावर लंब टाका. पाया मधोमध कापला जाऊन २ सेंमीचे दोन भाग होतात. पायथागोरसच्या प्रमेयाने उंचीचा वर्ग १६ − ४ = १२, म्हणून उंची ३.४६ सेंमी. त्रिकोणाचं क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं, म्हणजे ६.९३ चौ. सेंमी. सहा पट केलं की ४१.५७ चौ. सेंमी.

हेच अक्षरांत मांडलं की पाठ्यपुस्तकातलं सूत्र येतं:

क्षेत्रफळ = ६ × (√३/४) × बाजू² = (३√३/२) × बाजू²

कंसातली किंमत २.५९८. घाईच्या वेळी सरळ २.६ घ्या. ४ चा वर्ग १६, गुणिले २.६, उत्तर ४१.६. खऱ्या उत्तराशी फरक हजारात एकापेक्षाही कमी. आणि परित्रिज्या बाजूएवढीच असल्यामुळे बाजूच्या जागी परित्रिज्या ठेवली तरी सूत्र तेच राहतं. हातात बाजू असो वा त्रिज्या, २.६ ने गुणायचं.

त्या लंबाचं पुढे बरंच काम आहे, म्हणून त्याची ओळख आत्ताच करून घेऊ. केंद्रापासून षट्कोनाच्या बाजूपर्यंतचं सर्वांत कमी अंतर म्हणजे हा लंब. तो बाजूच्या ०.८६६ पट, म्हणजे √३/२ पट असतो. षट्कोनाच्या आत सहाही बाजूंना स्पर्श करणारं वर्तुळ काढलं, तर त्याची त्रिज्या हीच.

कात्री आणि तीन घड्या

कागदाचा सुसम षट्कोन कापा. त्याचा एक कोपरा आड एक कोपरा, असे तीन कोपरे निवडा आणि प्रत्येक कोपरा दुमडून केंद्रापाशी आणा. तिन्ही टोकं केंद्रात एकमेकांना भिडतात आणि हातात एक मोठा समभुज त्रिकोण राहतो. दुमडलेले तीन भाग त्याला पूर्ण झाकतात. कुठे उघडं राहत नाही, कुठे एकावर एक चढत नाही.

म्हणजेच षट्कोनाचे एक सोडून एक कोपरे जोडून होणारा त्रिकोण षट्कोनाच्या बरोबर निम्मा असतो. एकही आकडा न मांडता सिद्धता हातात! कोपऱ्याचं टोक केंद्रापर्यंत बरोबर पोचतं, तेही बाजू आणि त्रिज्या सारख्या असल्यामुळेच.

९ ते ५ ठिपके म्हणजे ९६ त्रिकोण

महाराष्ट्रात घरोघरी रांगोळीत षट्कोन काढला जातो, फक्त त्याला षट्कोन म्हणत नाहीत. “९ ते ५ ठिपके” म्हणतात. मधल्या ओळीत ९ ठिपके, तिच्या वर आणि खाली दोन ठिपक्यांच्या मध्ये येतील असे ८, मग ७, मग ६, शेवटी ५. या ठिपक्यांची बाहेरची कड पाहा. सहा बाजू आणि प्रत्येक बाजूवर ५ ठिपके.

५ ठिपक्यांमध्ये ४ अंतरं असतात, तेव्हा बाजू ४ अंतरांची. मधल्या ओळीत ९ ठिपके, म्हणजे ८ अंतरं. ही ओळ म्हणजे परिवर्तुळाचा व्यास. त्रिज्या ४, बाजू ४. कंपासने दाखवलेलीच गोष्ट इथे मोजून दिसते. म्हणून नीट सहा सारख्या बाजू हव्या असतील तर मोठा आकडा लहान आकड्याच्या दुपटीपेक्षा एकने कमी हवा: ७ ते ४, ९ ते ५, ११ ते ६, १५ ते ८. “९ ते ३” मांडलंत तर ठिपके बसतील, पण वरची-खालची बाजू आखूड आणि तिरक्या बाजू लांब होतील.

शेजारचे सगळे ठिपके रेषांनी जोडले तर छोटे समभुज त्रिकोण तयार होतात. ते मोजत बसू नका. बाजूतल्या अंतरांचा वर्ग करा आणि सहाने गुणा: ४ × ४ × ६ = ९६. सहा मोठ्या त्रिकोणांपैकी प्रत्येकात १६ छोटे त्रिकोण. ठिपक्यांमधलं अंतर २ सेंमी असेल तर एका छोट्या त्रिकोणाचं क्षेत्रफळ १.७३२ चौ. सेंमी आणि ९६ त्रिकोणांचं मिळून १६६.३ चौ. सेंमी. आता दुसऱ्या वाटेने जा: बाजू ८ सेंमी, वर्ग ६४, गुणिले २.५९८. पुन्हा १६६.३.

रांगोळी ताणलेली दिसते तेव्हा दोष बहुतेक ओळींमधल्या अंतरात असतो. ठिपके २ सेंमीवर आणि ओळीही २ सेंमीवर घेतल्या, तर तिरक्या शेजाऱ्यांमधलं अंतर २.२४ सेंमी होतं. त्रिकोण समभुज राहत नाहीत आणि सगळी आकृती उभी १५ टक्के लांबते. ओळींमध्ये अंतर हवं २ च्या ०.८६६ पट, म्हणजे १.७३ सेंमी. आपला लंबच तो! पट्टी नसेल तर कागदाच्या कपट्यावर दोन आडव्या ठिपक्यांचं अंतर खुणावून घ्या आणि तोच कपटा तिरक्या जोडीवर ठेवून पाहा. दोन्हीकडे खुणा जुळल्या की षट्कोन बरोबर.

आणि हे खास: १५ ते ८ मध्ये एकूण १६९ ठिपके येतात. १६९ म्हणजे १३ × १३. तेच ठिपके चौरसात मांडले तर १३ ओळी, प्रत्येकीत १३, एकही शिल्लक नाही. एकट्या ठिपक्याचा अपवाद सोडला, तर षट्कोनातून चौरसात असं पूर्णपणे जाणारी ही पहिली रांगोळी आहे. पुढची अशी संधी ३२,७६१ ठिपक्यांना, म्हणजे १८१ च्या वर्गाला मिळते. तिला अंगण जरा मोठं लागेल.

राणी उचला, दुर्बीण तयार

कॅरमच्या मांडणीत मध्ये राणी, तिच्याभोवती ६ सोंगट्या, त्यांच्याभोवती १२. एकूण १९. रांगोळीच्या भाषेत ही “५ ते ३” आहे. राणीला चिकटून सहाच सोंगट्या का मावतात, हे आता सांगायला नको. राणी आणि शेजारच्या दोन सोंगट्या यांचे मध्यबिंदू जोडले की समभुज त्रिकोण होतो.

सोंगटीचा व्यास जास्तीत जास्त ३.१८ सेंमी असतो. बाहेरच्या कोपऱ्यातल्या सोंगटीचा मध्य राणीच्या मध्यापासून दोन व्यासांवर आणि तिची कड अडीच व्यासांवर. सगळी मांडणी मावायला वर्तुळाचा व्यास पाच सोंगट्यांएवढा, म्हणजे १५.९ सेंमी हवा. कॅरमबोर्डाच्या मधलं मोठं वर्तुळ १७ सेंमीचं असतं, तेव्हा मांडणी आरामात आत बसते.

आता या मांडणीतून राणी उचला. उरल्या १८ सोंगट्या. २५ डिसेंबर २०२१ रोजी अवकाशात झेपावलेल्या जेम्स वेब दुर्बिणीचा मुख्य आरसा नेमका असाच आहे. सोन्याचा मुलामा दिलेले बेरिलियमचे १८ षट्कोनी आरसे, आत ६, बाहेर १२ आणि मधली जागा रिकामी.

बाहेरच्या १२ सोंगट्या राणीपासून सारख्याच अंतरावर वाटतात, पण तशा त्या नसतात. कोपऱ्यांवरच्या सहा दोन व्यासांवर असतात आणि त्यांच्या मधल्या सहा १.७३२ व्यासांवर, कारण तिथे अंतर त्रिकोणाच्या दोन लंबांएवढं भरतं. म्हणजे अंतरं तीन प्रकारची: १, √३ आणि २. दुर्बिणीच्या मोठ्या आरशाला खोलगट आकार असतो आणि केंद्रापासून जितकं दूर जावं तितकी वक्रता थोडी बदलते. म्हणून वेबच्या आरशांचेही तीनच प्रकार घडवावे लागले, प्रत्येक प्रकारचे सहा. समान अंतरावरचे सहा आरसे अगदी एकसारखे. १८ वेगवेगळ्या आकारांऐवजी तीन आकारांत काम भागलं, ही षट्कोनी मांडणीची मोठी देणगी.

१.३२ मीटर, पण कुठून कुठे?

वेबच्या एका आरशाचं माप १.३२ मीटर असं सांगितलं जातं. क्षेत्रफळ काढायला बसलात की पहिलाच प्रश्न पडतो, हे अंतर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं की बाजूपासून समोरच्या बाजूपर्यंतचं? षट्कोनाच्या गणितात सर्वांत जास्त चुका इथेच होतात. वर्तुळाला एकच व्यास असतो, षट्कोनाला दोन रुंद्या.

कोपरा ते कोपरा म्हणजे परित्रिज्येची दुप्पट, म्हणून बाजूचीही दुप्पट. बाजू ते बाजू म्हणजे दोन लंब, म्हणजे बाजूच्या १.७३२ पट. आकडा कुठला ते न पाहता सूत्रात घातला तर क्षेत्रफळात थेट चौथ्या हिश्शाची चूक होते, कारण दोन रुंद्यांच्या वर्गांचं प्रमाण ३ : ४ आहे.

वेबसाठी दोन्ही करून पाहू. १.३२ मीटर कोपरा ते कोपरा धरलं, तर बाजू ०.६६ मीटर, एका आरशाचं क्षेत्रफळ १.१३ चौ. मी. आणि १८ आरशांचं २०.४. पण ही दुर्बीण २५.४ चौ. मी. क्षेत्रावरचा प्रकाश गोळा करते. आरशापेक्षा प्रकाश गोळा करणारं क्षेत्र मोठं कसं असेल? गृहीतकच चुकलं. आता बाजू ते बाजू धरा. बाजू = १.३२ ÷ १.७३२ = ०.७६२ मीटर, एका आरशाचं क्षेत्रफळ १.५१, अठरांचं २७.२ चौ. मी. यातून कडा आणि समोरच्या दुय्यम आरशाच्या आधारदांड्यांचा अडथळा वजा केला की २५.४ पटतं. सरळ ओळीत पाच षट्कोन मांडा, ५ × १.३२ = ६.६ मीटर. मुख्य आरशाचा सांगितला जाणारा साडेसहा मीटरचा व्यास इथून येतो.

पुढची गंमत अशी की ‘थर्टी मीटर टेलिस्कोप’ या प्रकल्पात हीच गोष्ट उलटी आहे. भारत त्यात भागीदार आहे आणि पुण्याची आयुका ही संस्था त्या कामात आहे. त्या आरशात ४९२ षट्कोन असतील, प्रत्येक १.४४ मीटरचा. हे माप मात्र कोपरा ते कोपरा आहे! म्हणून बाजू आणि परित्रिज्या थेट ०.७२ मीटर, एकाचं क्षेत्रफळ १.३५ आणि सगळ्यांचं मिळून सुमारे ६६३ चौ. मी. कोणी वेबच्या सवयीने १.४४ हे बाजू ते बाजू धरलं तर बेरीज ८८३ वर जाते. पण ३० मीटर व्यासाच्या अख्ख्या वर्तुळाचं क्षेत्रफळच ७०७ चौ. मी. आहे. वर्तुळात मावणारे तुकडे वर्तुळापेक्षा मोठे होत नाहीत, तेव्हा चूक जागच्या जागी पकडली जाते.

१.४४ हा आकडा १.३२ पेक्षा मोठा असूनही १.४४ चा आरसा लहान आहे, हे तुमच्या लक्षात आलं असेलच.

तेराचा पाना आणि एक मिलिमीटर

गॅरेजमध्ये हा गोंधळ होत नाही, कारण तिथे माप एकाच पद्धतीने सांगतात. “तेराचा पाना दे” म्हटलं की १३ मिमी म्हणजे नटच्या समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर. ८ मिमीच्या बोल्टवरचा नेहमीचा नट हाच.

कोपरा ते कोपरा किती? १३ भागिले ०.८६६, म्हणजे १५.०१ मिमी. परित्रिज्या साडेसात मिमी, म्हणून नटची प्रत्येक बाजूही साडेसात मिमी. प्रत्यक्ष नटवर व्हर्निअर लावलात तर कोपऱ्यांवर १५ पेक्षा थोडं कमी दिसेल, कारण कोपऱ्यांची धार मोडलेली असते आणि पाना सहज बसावा म्हणून सपाट बाजूही १३ पेक्षा किंचित कमी ठेवतात.

केंद्रापासून सपाट बाजूपर्यंत ६.५ मिमी, कोपऱ्यापर्यंत ७.५ मिमी. फरक फक्त १ मिमीचा! पान्याने नट फिरतो तो कोपऱ्यांवरच्या या जेमतेम एका मिलिमीटर लोखंडाच्या जोरावर. ते झिजलं की उरतं ते आतलं १३ मिमीचं वर्तुळ आणि फिटर म्हणतो, “नट गोल झाला.” त्याचं वर्णन भूमितीच्या दृष्टीनेही अचूक आहे. तेराच्या नटला चौदाचा पाना लावायचा नाही, तेही यामुळेच. चौदाचा पाना सपाट बाजूंना धरत नाही, कोपऱ्यांवर अडकतो आणि तेच खातो. पंधराचा लावला तर बहुधा नुसताच गोल फिरेल, कारण कोपऱ्यांचा व्यासच पंधराच्या आत आहे.

गोल सळईतून हा नट कापायचा असेल तर सळई १५ मिमीपेक्षा थोडी जाडच हवी. १३ ची सळई घेतली तर कोपरे मिळणारच नाहीत. नटच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ (भोक पाडण्यापूर्वी) १४६ चौ. मिमी, १५.०१ मिमीच्या वर्तुळाचं १७७. म्हणजे ८२.७ टक्के माल कामी आला आणि १७.३ टक्क्यांचा चुरा झाला. ८२.७ हा आकडा कुठल्याही षट्कोनाला आणि त्याच्या परिवर्तुळाला लागू आहे. आपल्या ४ सेंमीच्या आकृतीतही ४१.५७ भागिले ५०.२७ तेवढेच येतात. उत्तर तपासायला हे प्रमाण फार उपयोगी पडतं. षट्कोन परिवर्तुळाच्या पाच-षष्ठांशाच्या आसपास नसेल तर कुठेतरी रुंदीची अदलाबदल झाली आहे.

परीघ तीन व्यास? जवळपास!

सहा बाजू आणि प्रत्येक बाजू एक त्रिज्या, म्हणून षट्कोनाची परिमिती सहा त्रिज्या, म्हणजेच तीन व्यास. बाहेरचं वर्तुळ याहून थोडं लांब. पायची किंमत ३ पेक्षा जास्त असते, हे एका वाक्यात इथे सिद्ध होतं. युक्लिडने ‘एलिमेंट्स’च्या चौथ्या पुस्तकात पंधरावं विधान वर्तुळात षट्कोन काढण्याचं दिलं आहे आणि त्याला जोडूनच बाजू त्रिज्येएवढी असते हे नोंदवलं आहे. आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर असे दोन षट्कोन घेऊन सुरुवात केली. नुसत्या षट्कोनांवरून पाय ३ आणि ३.४६ च्या मध्ये सापडतो. मग त्याने बाजू दुप्पट करत १२, २४, ४८ आणि ९६ पर्यंत नेल्या आणि पायला ३ १०/७१ आणि ३ १/७ यांच्यामध्ये कोंडलं.

चीनमधल्या लिऊ हुईने इ.स. २६३ च्या सुमारास हीच वाट क्षेत्रफळाच्या बाजूने धरली आणि त्याची पहिलीच पायरी फार देखणी आहे. षट्कोनाच्या प्रत्येक बाजूसमोर, वर्तुळाच्या कमानीवर मधोमध एक बिंदू घ्या. कोपरे झाले बारा. आता सहा त्रिकोणांऐवजी सहा पतंग दिसतात. प्रत्येक पतंगाचा एक कर्ण म्हणजे षट्कोनाची बाजू, दुसरा म्हणजे वर्तुळाची त्रिज्या, आणि दोन्ही एकमेकांना लंब. दोन्हींची लांबी सारखीच, म्हणून पतंगाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाच्या निम्मं. सहा पतंगांचं मिळून त्रिज्या² च्या बरोबर ३ पट. षट्कोनात √३ चिकटलेलं होतं, बारा बाजू झाल्या आणि वर्गमूळच नाहीसं झालं.

आपल्याकडे आर्यभटाने इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीय’ ग्रंथातल्या गणितपादात सांगून ठेवलं आहे की परिघाच्या सहाव्या भागाची जीवा त्रिज्येएवढी असते. त्याच्या ज्या-कोष्टकाला या एका नेमक्या किमतीचा आधार मिळतो, कारण ३० अंशांची ज्या म्हणजे या जीवेचा अर्धा भाग.

भास्कराचार्यांनी तर याचं कोष्टकच केलं. इ.स. ११५० च्या ‘लीलावती’त वर्तुळात बसणाऱ्या त्रिकोणापासून नवकोनापर्यंतच्या बाजू काढायला त्यांनी सात गुणक दिले: १,०३,९२३; ८४,८५३; ७०,५३४; ६०,०००; ५२,०५५; ४५,९२२ आणि ४१,०३१. व्यासाला गुणकाने गुणायचं आणि १,२०,००० ने भागायचं. उदाहरणात व्यास २,००० दिला आहे. षट्कोनासाठी २,००० × ६०,००० ÷ १,२०,००० = १,०००. बरोबर त्रिज्या! सातांतला हा एकच गुणक शून्यांनी भरलेला आहे, बाकी सगळे अंदाज आहेत. सप्तकोनाचा ५२,०५५ आजच्या हिशोबाने ५२,०६६ हवा आणि नवकोनाचा ४१,०३१ हवा ४१,०४२. हाताने वर्गमुळं काढण्याच्या काळात एक लाख वीस हजारांत अकराचाच फरक पडावा, याचं मला फार कौतुक वाटतं.

 

पृथ्वी अंथरता येईल असा षट्कोन

शनीच्या उत्तर ध्रुवाभोवती ढगांचा एक षट्कोन फिरतो. व्हॉयेजर यानांनी घेतलेल्या चित्रांमधून तो १९८८ साली ओळखला गेला आणि पुढे कॅसिनी यानाने त्याची जवळून छायाचित्रं घेतली. तिथला वेगवान वाऱ्याचा प्रवाह ध्रुवाभोवती नागमोडी वळत जातो आणि त्या वळणांतून सहा बाजू उठतात.

या षट्कोनाची बाजू सुमारे १४,५०० किमी, म्हणजे पृथ्वीच्या व्यासापेक्षा मोठी. त्याची पूर्ण रुंदी सुमारे २९,००० किमी सांगतात. दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं, रुंदी बाजूच्या दुप्पट आहे. शनीवरही परित्रिज्या बाजूएवढीच, आणि हे माप कोपरा ते कोपरा आहे हेही त्यातून कळलं.

आता २.६ चा उपयोग करा. १४,५०० चा वर्ग सुमारे २१ कोटी, गुणिले २.६, म्हणजे साधारण ५४.६ कोटी चौ. किमी. पृथ्वीचा सगळा पृष्ठभाग, सातही खंड आणि सगळे महासागर धरून, ५१ कोटी चौ. किमी आहे. पृथ्वीची अख्खी साल काढून त्या एका ढगांच्या षट्कोनात अंथरली तरी थोडी जागा उरेल!

अर्थात शनी गोल आहे आणि आपलं सूत्र सपाट कागदाचं, शिवाय ढगांच्या कडा पट्टीने आखलेल्या नसतात. जुन्या अंदाजातली १३,८०० किमीची बाजू घेतली तर उत्तर ४९.५ कोटींवर येतं. बाजूत पाच टक्के फरक आणि क्षेत्रफळात जवळजवळ दहा टक्के, कारण बाजूचा वर्ग होतो. दोन्ही उत्तरं पृथ्वीच्या ५१ कोटींच्या दोन बाजूंना पडतात.